डोक्याची मागची बाजू

"ताई, नव्या पेठेतल्या दुकानात केसांच्या रंगाची पार्लरवाली ट्यूब ३५० ला आणि त्यात कालवायच्या डेव्हलपरची लिटरची बाटली ५०० ला मिळायलीय. पार्लरला नुसत्या मुळांचे १२०० जातात. वहिनी म्हणते, हे आपलं काम नव्हे, तोंड सुजवून घेशील. तू तर तिकडे घरीच करतीस. आणू का?"

आण. पण वहिनीचं ते "आपलं काम नव्हे" दोन दिवस माझ्या मनातून जाईना. मी इथे इंग्लंडात, रीडिंगला, अकरा वर्षं स्वतःचे केस स्वतः रंगवतेय. बाथरूमच्या फरशा आम्ही दोघांनी बसवल्या, बॉयलरचं प्रेशर मीच वाढवते, मुलाचे केस लॉकडाऊनमध्ये मीच कापले. स्टेशनजवळच्या दुकानातून ट्यूब आणते, बिन डेच्या, म्हणजे कचरा न्यायच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी केस रंगवते आणि सकाळी रिकाम्या ट्यूबा बाहेर ठेवते. इथे कोणी म्हणत नाही की हे तुझं काम नव्हे. सोलापूरला मात्र प्रत्येक कामाचा माणूस ठरलेला. आपण हात लावला की एकतर पैसे वाचवायला निघालोय असं होतं, नाहीतर वेडेपणा.

आणि ज्या वहिनीला तुझ्या तोंडाची काळजी, ती स्वतः वीस वर्षं काळ्या मेंदीची पुडी कालवते. मेंदीने केस काळे होत नाहीत गं, तांबूस होतात. पुडीत काळा रंग येतो तो बहुतेक वेळा पीपीडीमुळे, आणि डोळे सुजवणारं रसायन तेच. ते पार्लरच्या ट्यूबमध्ये असतं, नसेल तर त्याचं भावंड असतं. अमोनिया नसलेल्या रंगातही असतं. अमोनिया गेला म्हणजे फक्त वास आणि नाकातली झणझण गेली, ॲलर्जीचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा पुडी घरगुती आणि ट्यूब धोक्याची, ही वाटणीच खोटी आहे.

आता तुझं गणित. तुझे केस खांद्यापर्यंत, निम्मे पांढरे, आणि मुळं सहा आठवड्यांत बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडी जास्त वाढतात. एवढ्याला ५० मिलीची अर्धी ट्यूब पुरते. तू फोटो पाठवलास त्या ट्यूबच्या कागदावर एकास दीड लिहिलंय, म्हणजे २५ ग्रॅम क्रीम आणि साधारण ३८ ग्रॅम डेव्हलपर. दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबला एकास एक असतं, काहींना एकास दोन. दुकानदार "अंदाजे घ्या" म्हणाला तरी ऐकू नकोस. तुझ्याकडे शेंगाचटणी विकायला भरतेस तो छोटा डिजिटल काटा आहे, त्यावर प्लॅस्टिकची वाटी ठेव, शून्य कर आणि मोज. धातूची वाटी नको.

ट्यूबचे १७५ आणि डेव्हलपरचे २० धरले तर एका वेळचा खर्च दोनशेच्या आत येतो. पण हे गणित फसवं आहे. लिटरची बाटली अशी २६ वेळा पुरेल, म्हणजे तीन वर्षं. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा माळ्यावर ठेवलेल्या डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड एवढे दिवस ताकद धरत नाही. बाटली फुगली, किंवा रंग लावून अर्धा तास झाला तरी पांढरे केस करडेच राहिले, तर समज की त्यातला ऑक्सिजन गेला. बाटली वर्षाला एकच, थंड आणि अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट, आणि उरलेलं परत बाटलीत कधी ओतायचं नाही. तसं धरलं तर वेळेला साधारण २४० पडतात. तरीही हजाराच्या जवळपास वाचतातच. उरलेली अर्धी ट्यूब मात्र तळापासून दाबून हवा काढ, टोपी लाव आणि पुढच्याच वेळी संपव. तोंडाशी काळा थर आला तर तेवढा काढून टाक, आत क्रीमच काळवंडलं असेल तर पूर्ण ट्यूब टाक. एकदा कालवलेला रंग उद्यासाठी डबीत बंद करून ठेवायचा नाही. त्यातून वायू सुटत राहतो, डबी फुटते.

विकत घेताना एक गोष्ट दुकानातच बघ. नव्या ट्यूबच्या तोंडावर पातळ पत्रा असतो, टोपीच्या टोकाने आपल्याला भोक पाडावं लागतं. ते आधीच पडलेलं असेल तर परत दे.

दादाचाही फोन आला होता. त्याने कुठेतरी वाचलंय की पांढरा केस हट्टी असतो, म्हणून ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर आण. केस हट्टी असतो हे त्याचं बरोबर आहे, उपाय चुकला. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर डेव्हलपरमधून वीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, बाटलीवर त्यालाच ६ टक्के लिहितात. पांढरे केस झाकायला तेवढंच लागतं. ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. त्याचा जोर रंग बसवण्यापेक्षा केसातला मूळचा काळा रंग उडवण्यात जातो, आणि टाळूच्या उबेने मुळाशी तो आणखी जोरात चालतो. मग तुझे काळे केस मुळाशी विटकरी होतील, पांढरे तसेच डोकावतील आणि टाळू भाजेल ते वेगळंच. १० व्हॉल्यूमने उलट होतं, रंग वरवर बसतो आणि महिन्याभरात पांढरं परत दिसायला लागतं.

शेडच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. पहिल्या वर्षी इथल्या दुकानातून ६.४५ आणली, खोक्यावरचा रंग सुंदर होता. ठिपक्याआधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो, नंतरचे आकडे झाक सांगतात, आणि ही झाक तांब्याची. कानशिलावर माझे केस सगळ्यात जास्त पांढरे. तिथे ती आरपार दिसत राहिली, गाजराच्या हलव्यासारखी. ऑफिसमध्ये कोणी काही बोललं नाही. इथे कोणी बोलतच नाही. तेव्हा पांढऱ्यासाठी ठिपक्यानंतर शून्य असलेली किंवा नुसत्या आकड्याची नैसर्गिक शेड घे. तुला ४ पुरे. झाक हवीच असेल तर निम्मी नैसर्गिक आणि निम्मी झाकेची. आणि दर वेळी टोकांपर्यंत लावत बसू नकोस. मुळांना ३५ मिनिटं, टोकांना हवंच असेल तर शेवटची पाच. जुन्या रंगावर रंग चढत गेला की टोकं शाईसारखी होतात आणि ती परत उजळायला ट्यूबचा काही उपयोग नाही.

तू आधी काळी पुडी लावत होतीस, म्हणून आधी कंगव्यात अडकलेल्या चार केसांवर करून बघ. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात. केस गरम लागले किंवा फेसाळले, तर यंदा ट्यूब नको. आणि नळाला पाणी येणार असेल त्याच दिवशी कर. रंग निघेपर्यंत बादल्या लागतात, मग्गाभर पाण्यात अर्धवट धुतलेला रंग मानेवर राहतो.

आता कानामागची चाचणी. हिच्यात मी तुला सूट देणार नाही. कालवलेला रंग रुपयाएवढा कानामागे लाव, वाळू दे आणि ४८ तास बघ. खाज, पुरळ, सूज, काहीही आलं तर तो रंग तुझ्यासाठी संपला. आणि दर वेळी करायची. दहा वर्षं काही झालं नाही म्हणजे अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं, ॲलर्जी मध्येच कधीतरी जडते आणि मग जात नाही. पापण्या सुजणं, कपाळाच्या कडेने पाणी सुटणं हे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसतं. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर मात्र घरी थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात.

मी वहिनीला फोनवर तावातावाने सांगितलं की इथे चाचणी केल्याशिवाय सलूनवाले खुर्चीत बसवत नाहीत. ते बहुतांशी खरं आहे. पण मी ट्यूब विकत घेते तेव्हा काउंटरवरची मुलगी क्लबकार्डसुद्धा न मागता पैसे घेते, कानामागचं कोणी विचारत नाही, आणि अकरा वर्षांत मी निम्म्या वेळा चाचणी चुकवली आहे. आणि आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर आधी चाचणी करा, पापण्या आणि भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, ही सूचना भारतात छापावीच लागते, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही. वहिनीच्या पुडीवरही ती असणार. वाचायची राहिली, एवढंच.

आत्याने मधूनच फोन घेतला आणि विचारलं, "इतकं आहे तर पांढरेच ठेव की, मी नाही का ठेवले?" तिला वाटलं आम्ही रंगवावं की नाही यावर भांडतोय. तिचे ठेवलेले पांढरे केस छान दिसतात, हेही खरं.

पार्लरवाल्या ताईंचं काय, हे मला सुटत नाही. गेल्या गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी काटा वापरला नाही, वाटीतल्या क्रीमकडे बघून डेव्हलपर ओतलं आणि ते बरोबर होतं. पण पहिल्या दिवशी आधी केस बाजूला करून टाळू बोटांनी चाचपली, कानाच्या वर लहानशी जखम होती, म्हणाल्या, "आज नको, चार दिवसांनी या." त्या दिवशी माझ्या १२०० ला त्या नाही म्हणाल्या. तू घरी करायला लागलीस, तुझं बघून गल्लीतल्या चार जणी करायला लागल्या, तर ती बोटं कोणाची टाळू चाचपणार? वहिनीच्या म्हणण्यात हे असेल, तर ते मला मान्य आहे. तिने तसं म्हटलं नाही, पण असेल.

शेवटचं, आणि हे तू विचारलेलं नाहीस. घरी रंगवताना डोक्याची मागची बाजू दिसत नाही. दोन आरसे लावून, हात वळवून, बोटांच्या अंदाजाने मी करते. केसांचे चार भाग करायचे, मानेपासून वर यायचं, अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ बटा उचलायच्या. तरी माथ्याच्या खाली बेचक्यात एक पट्टा राहतोच. सोलापूरला यायच्या आठवड्यात तर मी हमखास रंगवते, आईला मी पिकलेली दिसू नये म्हणून. रिक्षातून उतरले, पाया पडायला वाकले की आईचा हात बरोबर तिथेच जातो. म्हणते, "मागं कोणी लावून देत नाही होय गं तुला?"

तुझ्या मागे लावून द्यायला वहिनी आहे. तिलाच सांग.