‘एकूण टन गुणिले एकूण किलोमीटर’: गाडीमालक या हिशेबात कुठे फसतो

ट्रकमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे:

«मालकांनो, कॉस्टिंगवाल्यांच्या नादाला लागू नका. महिन्याचा सगळा खर्च घ्या, एकूण टन गुणिले एकूण किलोमीटरने भागा, टन-किलोमीटरचा दर हातात. परतीला मिळेल ते भाडं घ्या, गाडी तशीही येणारच असते. आणि हप्ते फिटले की गाडीला खर्च फक्त डिझेल, टोल आणि भत्त्याचा.»

पहिल्या वाक्यापासूनच गणित घसरलेलं आहे. ते कुठे घसरतं हे आकड्यांशिवाय कळणार नाही, म्हणून एक गाडी घेऊ. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून कास्टिंग घेऊन भोसरीला जाणारी दहाचाकी, मालासह एकूण २८ टन वजनाची. आकडे उदाहरणापुरते धरलेले आणि सोयीचे केलेले आहेत. तुमच्या डिझेलचा, टोलचा, पगाराचा आकडा वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहते.

गाडी १८ टन भरून निघते. १२० किलोमीटरवर साताऱ्यात ८ टन उतरवते. उरलेले १० टन घेऊन आणखी १३० किलोमीटर भोसरी. तिथून फाउंड्रीसाठी ६ टन स्क्रॅप घेऊन २५० किलोमीटर परत. फेरी ५०० किलोमीटरची, दोन दिवसांची. महिन्यात कामाचे २४ दिवस धरले तर १२ फेऱ्या.

टन-किलोमीटर म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्याचं काम. ते प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढायचं आणि मग बेरीज करायची. १८ गुणिले १२० म्हणजे २,१६०. १० गुणिले १३० म्हणजे १,३००. ६ गुणिले २५० म्हणजे १,५००. फेरीचं काम ४,९६० टन-किलोमीटर.

मेसेजच्या रीतीने काय होतं पाहा. फेरीत उचललेला माल २४ टन, धावलेलं अंतर ५००, गुणाकार १२,०००. साताऱ्यात उतरलेले ८ टन भोसरीपर्यंत आणि तिथून परत कोल्हापूरपर्यंत नेल्याचं धरलं गेलं. परतीचं स्क्रॅप तर जातानाही गाडीत होतं म्हणे! कागदावर काम अडीचपटीच्या जवळ फुगलं. आणि मेसेजमध्ये लिहिलंय तसं महिन्याच्या बेरजा घेऊन केलं, तर २८८ टन गुणिले ६,००० किलोमीटर म्हणजे १७ लाख २८ हजार. खरं काम आहे ५९,५२०. फेऱ्या दुप्पट झाल्या की हा गुणाकार चौपट होतो, कारण फेऱ्यांची संख्या टनातही मोजली जाते आणि किलोमीटरमध्येही. यावरून निघणारा दर १७ पैसे येतो. तो पाहून कोणीही दचकेल, म्हणून त्यातून फार नुकसान होत नाही. एका फेरीवर केलेली हीच चूक मात्र दिसत नाही, आणि तीच जास्त महागात पडते.

किती महागात, ते कळायला खर्च मांडायला हवा. गाडी उभी असली तरी लागणारा महिन्याचा खर्च: विमा ६,०००, टॅक्स-परमिट-फिटनेस ३,०००, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार २८,०००, पार्किंग आणि ऑफिसचा वाटा ९,०००, घसारा ३०,०००, भांडवलावरचं व्याज २०,०००. एकूण ९६,०००, म्हणजे १२ फेऱ्यांत फेरीमागे ८,०००. गाडी चालली तरच होणारा खर्च, फेरीमागे: डिझेल १०,१२५ (भरलेली गाडी लिटरला ४, हलकी ५ किलोमीटर, दर ९० रुपये), टोल २,५००, भत्ता १,२५०, टायर १,२५०, ऑइल-युरिया-दुरुस्ती १,३७५. एकूण १६,५००.

फेरीचा खर्च २४,५०० रुपये. ४,९६० ने भागला तर दर ४ रुपये ९४ पैसे. १२,००० ने भागला तर २ रुपये ४ पैसे. दुसऱ्या आकड्यावर भरवसा ठेवणारा मालक भोसरीचं भाडं टनाला ५१० रुपये पडतं असं समजतो आणि ६०० ला हो म्हणून बसतो, वर नफा कमावल्याचं समाधान. खरा सरासरी खर्च आहे १,२३५.

पुस्तकात सरासरी वजनाची एक दुसरी रीतही मान्य आहे: तिन्ही टप्प्यांच्या वजनांची सरासरी काढायची, ११.३३ टन, आणि ५०० ने गुणायची. येतात ५,६६७. ही रीत चूक नाही, पण १२० किलोमीटरचा टप्पा आणि २५० किलोमीटरचा टप्पा ती सारखाच मोजते. इथे तिचा दर ४ रुपये ३२ पैसे येतो. दर या रीतीने काढला आणि बिल काटापावतीवरच्या वजनाने, टप्प्याच्या अंतराने केलं, तर फेरीमागे सुमारे ३,००० रुपये वसूलच होत नाहीत. म्हणून ज्या रीतीने दर काढला त्याच रीतीने बिल करायचं.

उभ्या खर्चाची एक खोड इथेच सांगतो. सांगितलेला ४.९४ हा आकडा १२ फेऱ्यांचा आहे. अनलोडिंगला गेटवर रांग लागली, गाडी वर्कशॉपला गेली आणि फेऱ्या ८ झाल्या, की चालण्याचा खर्च ३.३३ वरच राहतो, पण उभा खर्च १.६१ वरून २.४२ वर जातो. दर ५ रुपये ७५ पैसे. डिझेल एक पैशानेही वाढलेलं नसतं. दर वाढल्याचं खापर बहुतेक वेळा डिझेलवर फुटतं, पण आधी महिन्याच्या फेऱ्या मोजाव्यात.

आता परतीचं भाडं. मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, आणि कॉस्टिंगवाले इथे उलट्या बाजूने चुकतात, हेही सांगायला हवं. स्क्रॅपवर सरासरी दर लावला तर १,५०० टन-किलोमीटरचे ७,४०० च्या वर होतात. बाजारात टनाला ६०० मिळत असतील, म्हणजे ३,६००, तर ७,४०० मागणारा रिकामाच परत येईल. गाडी खरंच येणारच असेल तर स्क्रॅपचा वाढीव खर्च थोडा आहे: रिकामी गाडी लिटरला साडेपाच देते, स्क्रॅप घेतलेली पाच, फरक सुमारे ४१० रुपयांच्या डिझेलचा. त्याच दिवशी माल मिळाला तर ३,६०० काय, २,००० सुद्धा घ्यावेत.

पण ‘मिळेल ते’ मिळायला वेळ लागतो, आणि तो मेसेजमध्ये कुठेच नाही. समजा भोसरीत एक दिवस थांबावं लागलं. फेरी तीन दिवसांची झाली, महिन्यात १२ च्या जागी ८ फेऱ्या. थांबण्याची किंमत दिवसाला ४,००० (९६,००० भागिले २४) अशी काढायचा मोह होतो, पण तो उभा खर्च थांबलो किंवा नाही थांबलो तरी जाणारच आहे. खरी किंमत आहे हुकलेल्या फेरीत सुटलं असतं ते. जातानाचं भाडं साताऱ्याचं टनाला ८०० आणि भोसरीचं १,५०० धरा: ६,४०० अधिक १५,०००, एकूण २१,४००. रिकामं परतलं तर चालण्याचा खर्च १६,०९०. उभ्या खर्चासाठी फेरीमागे उरतात ५,३१०, म्हणजे दिवसाला २,६५५.

थांबायचं असेल तर परतीच्या भाड्यातून हे २,६५५ निघायला हवेत, डिझेलचे ४१० निघायला हवेत, आणि मुक्कामाचा भत्ता ५०० धरला तर तोही. बेरीज ३,५६५. म्हणजे एक दिवस थांबून ३,६०० चं स्क्रॅप आणणं आणि रिकामं येणं, दोन्ही सारखंच. टनाला ४०० म्हणजे २,४०० ला आणलं तर फेरीमागे हजाराच्या वर पाण्यात. दोन दिवस थांबणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. हे सगळं गोकुळ शिरगावात पुढचा माल तयार असेल तरच खरं. मंदीत गाडी इथे येऊन उभीच राहणार असेल, तर भोसरीत थांबण्यात जाणार ते फक्त भत्त्याचे पैसे. म्हणून ड्रायव्हरला ‘भाडं बघून ये’ म्हणण्याआधी इथल्या फाउंड्रीला एक फोन करावा.

परतीच्या मालात एक असा असतो की तिथे टन-किलोमीटर लावूच नये: कंपनीचे रिकामे बिन. गाडीचा हौदा भरतो आणि काट्यावर वजन दीड टन येतं. तिथे दर फेरीवर ठरवावा.

राहिले हप्ते. हप्त्यात दोन गोष्टी असतात, व्याज आणि मुद्दल. मुद्दल हा खर्च नाही, ती तुमच्या गाडीतली तुमची वाढत जाणारी मालकी आहे. खर्च आहे घसारा, आणि त्याचा हप्त्याशी काहीच संबंध नाही. वर धरलेले ३०,००० असे आले: टायर वगळून गाडी ३७ लाख ८० हजारांची, ८ वर्षांनी विकून येतील ९ लाख, झिजलेले २८ लाख ८० हजार भागिले ९६ महिने. टायर वेगळे काढले कारण ते किलोमीटरवर झिजतात: दहा टायर दोन लाखांचे, ८०,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. तेच पुन्हा गाडीच्या किमतीत मोजले तर खर्च दोनदा लागतो.

कर्ज चार वर्षांत फिटलं तरी पाचव्या वर्षी गाडीची किंमत पडायची थांबत नाही. खात्री करायची असेल तर तुमच्याच गाडीची आजची आणि मागच्या वर्षीची जुन्या बाजारातली किंमत विचारा. बँकेला जाणारं व्याज थांबतं हे खरं, पण गाडीत अडकलेला पैसा आता तुमचा आहे, त्यावर काहीतरी सुटायला हवंच. शिवाय जुन्या गाडीचा दुरुस्तीचा खर्च १,३७५ वर राहत नाही.

डिझेल, टोल आणि भत्ता मिळून होतात १३,८७५. टायर आणि दुरुस्तीचे २,६२५ चालण्याच्या खर्चातलेच, तेही मेसेजमध्ये सुटले. १३,८७५ च्या आकड्यावर १८,००० ला फेरी मारणारा मालक ४,००० च्या वर नफा धरतो. १६,५०० गेल्यावर त्याच्याकडे खरे उरतात १,५००, आणि त्यातून पगार, विमा, टॅक्स, पार्किंग भागवायचं. फेरीला यांचाच वाटा आहे ३,८०० च्या वर. पगार तर दर महिन्याला रोख द्यावा लागतो, त्यामुळे ही चूक आठव्या वर्षी नवी गाडी घेताना नाही, पहिल्याच पगाराच्या दिवशी उघडी पडते.