विहिरीला नाव ठेवणारं पोर

गावात नवी विहीर खोदली, पाणी लागलं आणि मोठ्यांनी एका पोराला सांगितलं की नाव तू ठेव. या प्लॉटवर कुणी गोष्ट लिहायला घेतली की मला आधीच टेन्शन येतं, कारण पुढचं ठरलेलंच असतं. पोर थोडा वेळ आभाळाकडे बघणार, मग 'आशा' नाहीतर 'माउली' असं काहीतरी म्हणणार, म्हाताऱ्यांचे डोळे भरून येणार, संपली गोष्ट. अरे आठ-नऊ वर्षांचं पोर असं बोलतं का? लेखकाला स्वतःला काहीतरी थोर बोलायचं असतं आणि तो ते बिचाऱ्या पोराच्या तोंडात कोंबतो.

मला विचाराल तर नाव खोदाईतूनच यायला पाहिजे. आणि लेखकाला खोदाई माहीत नसेल तर ते येणार नाही.

समजा आपली गोष्ट अशी आहे. पहिला खड्डा गावच्या प्रमुखाच्या हट्टापायी त्याच्या घराजवळ घेतला. वीस फुटांवर अख्खा कातळ लागला, कुठे भेग नाही, ओल नाही, ठणठणीत कोरडा. दुसरा ओढ्याच्या काठाला, तिथे पाणी लागलं खरं पण जमीन सगळी वाळूची, बांधकाम वर यायच्या आधीच एका रात्रीत बाजू ढासळल्या, नशीब की आत कुणी नव्हतं. तिसरा खड्डा एका साध्या माणसाच्या शेताच्या कोपऱ्यात, आणि तिथे मुरूम संपून कातळ सुरू होतो ना, त्या सांध्यातून पाझर फुटला. तोही उन्हाळ्याच्या शेवटाला, म्हणजे जमिनीतलं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या दिवसांत पाणी देणारी विहीरच वर्षभर टिकायची शक्यता असते, पावसाळा संपता संपता खोदलेली विहीर भरलेली दिसते आणि उन्हाळ्यात तोंडघशी पाडते.

पाणी लागलं म्हणजे लगेच घागरी भरल्या असं नसतं. आधी सगळा गढूळ गाळ असतो, तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. संध्याकाळी विहीर पार रिकामी करायची आणि सकाळी बघायचं की रात्रीत किती पाणी चढलं. हे काम मी त्या पोरीला देईन (हो, माझ्या डोक्यात मुलगी आहे). दगड बांधलेली दोरी, हाताहातावर गाठी, रोज सकाळी दोरी खाली सोडून किती गाठी भिजल्या ते ओरडून सांगायचं. या कामामुळे ती काठावरच असते आणि खोदणाऱ्यांचं सगळं बोलणं तिच्या कानावर पडतं. ते लोक काय म्हणतात, तर 'पहिलीवरची पहार आण', 'दुसरीतले दगड तिसरीच्या बांधकामाला काढा'.

आता नाव ठेवायला पोरीलाच का सांगितलं? गोंडस आहे म्हणून नाही. प्रमुखाला आपल्या वडिलांचं नाव द्यायचंय, जमीन देणाऱ्याच्या घरच्यांना त्यांच्या आजीचं, दोन्हीकडची माणसं हटून बसलीत आणि मध्यस्थ कुणी उरला नाही म्हणून एक शहाणा म्हातारा म्हणतो, लेकराला विचारा. म्हणजे खरं तर भांडण टाळायची ही एक पळवाट आहे. बऱ्याच गोष्टींत हे कारणच नसतं, मग सगळं गाव अचानक प्रेमळ झाल्यासारखं वाटतं.

आणि पोरगी म्हणते, 'तिचं नाव तर आहे की. तिसरी.'

बास. तिला यात काही टोमणा मारायचा नाहीये, रोज ऐकलेलं नाव तिने सांगितलं. पण तिसरी म्हटलं की पहिली आणि दुसरी आठवणारच, आणि पहिली कुणाच्या हट्टापायी खोदली हे तिथल्या प्रत्येकाला माहितीये. खोदणारे खाली मान घालून हसू दाबतात, प्रमुख घसा साफ करतो. पोरीला कळतच नाही की सगळे गप्प का झाले, आणि लेखकानेही ते समजावून सांगू नये. तिला ते कळतंय असं जरा जरी दाखवलं तरी ती पोरगी राहत नाही, लेखकाची वकील होते.

पुढे काय करायचं यावर माझं एका मित्राशी जाम वाजलं. तो म्हणतो प्रमुखाने मोठ्या मनाने नाव मान्य करावं. मी म्हटलं अजिबात नाही, असा माणूस एका दुपारीत बदलत नसतो. तो कठड्यावर वडिलांचंच नाव कोरून घेईल, कार्यक्रम करेल, भाषणही ठोकेल. दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरातली सून घागर उचलून म्हणेल, 'तिसरीवर जाऊन येते.' विहिरीचं नाव असंच ठरतं, पाणी भरणाऱ्यांच्या तोंडात जे बसेल ते.

आणि कुणी खरंच लिहायला घेतलीत तर एक विनंती, गोष्टीचं शीर्षक 'तिसरी' ठेवू नका, सगळा पत्ता पहिल्याच ओळीत उघडा पडतो.