आंब्याची सावली: आमच्या स्टुडिओबद्दलच्या एका अभिप्रायाला उत्तर

«ज्यूसच्या पॅकभोवती फळं हवेत तरंगणारा फोटो करून घेतला. फळं चिकटवल्यासारखी दिसतात, खाली सावली नाही, आंबे तर पॅकपेक्षा मोठे! बॅनर लावल्यावर सगळे हसले. वर चार दिवस उशीर. पैसे मात्र पूर्ण घेतले. एक स्टार.»

नमस्कार सर. चार दिवस उशीर झाला, हे खरं आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागते. पहिल्या पेटीतले हापूस कच्चे निघाले, दुसरी पेटी यायला वेळ लागला. ते त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. चूक आमची.

पण सावलीचं वाचून वाईट वाटलं, कारण त्या फोटोत सर्वात जास्त वेळ सावलीवरच गेला होता.

आम्ही प्रत्येक आंबा तंगुसाने टांगून, जिथे दिसायला हवा तिथेच धरून, त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच प्रकाशात टिपला. नंतर फक्त तंगूस पुसला. प्रकाश वरून डावीकडून होता, नव्वद सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढऱ्या कापडाआडच्या मोठ्या दिव्याचा, आंब्यापासून साधारण एक मीटरवर. आंबा जमिनीपासून चाळीस सेंटिमीटर वर होता. इतक्या मोठ्या दिव्याखाली इतक्या उंचावरच्या वस्तूची सावली पसरून जवळजवळ विरून जाते. घरी ट्यूबलाइटखाली हात टेबलाला टेकवून बघा, सावली गडद दिसेल. हात वर उचलत न्या, ती फिकट होत जाईल. म्हणून आंब्याखाली जमिनीवर आम्ही फक्त हलकी करडी झाक ठेवली. तिथे काळी गोल सावली काढली असती, तर आंबा जमिनीला टेकलाय असंच वाटलं असतं.

खरी सावली आम्ही पॅकवर ठेवली होती. उजव्या वरच्या कोपऱ्यातला आंबा पॅकच्या चार सेंटिमीटर पुढे होता. इतक्या जवळून सावली नीट पडते, मध्ये गडद आणि कडेला मऊ. आंबा पॅकच्या पुढे अधांतरी आहे हे डोळ्याला तिच्यावरूनच कळतं. आंब्याचा थोडा पिवळा रंगही पॅकच्या पांढऱ्या भागावर उतरला होता, तो मुद्दाम पुसला नाही.

आता तुम्ही अभिप्रायासोबत टाकलेला बॅनर. सर, तो आमचा फोटो जसाच्या तसा नाही. तुम्ही मागितली म्हणून लेयर असलेली, म्हणजे प्रत्येक फळ आणि सावली वेगवेगळी हलवता येईल अशी फाइल दिली होती. बॅनरवर तो आंबा उचलून डावीकडे नेला आहे आणि आरशातल्यासारखा उलटा केला आहे. त्यामुळे त्याची चमक उजवीकडे आली, बाकी सगळ्या फळांची डावीकडे आहे. आणि त्याची सावली अजून पॅकच्या उजव्या बाजूलाच पडली आहे. आंबा गेला, सावली राहिली. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवतं.

आकाराचंही तसंच. तुमचा २०० मिलीचा पॅक साधारण बारा सेंटिमीटर उंच आणि आमचे हापूस साडेनऊ, म्हणजे आंबा पॅकपेक्षा थोडा लहान दिसायला हवा. मूळ फोटोत तसाच आहे, तपासून घ्या. बॅनरवर मोजलं तर पॅक बारा धरल्यास आंबा चौदा भरतो. आंबा कॅमेऱ्याजवळ असता तर मोठा दिसला असता हे मान्य, पण मग तो थोडा धूसरही दिसला असता. इथे तो पॅकइतकाच रेखीव आहे, म्हणून नुसता राक्षसी वाटतो. आम्ही जवळची फळं मोठी, मागची छोटी आणि मधली अंतरं कमीजास्त ठेवली होती. बॅनरवर ती एकसारख्या अंतरावर, माळेत ओवल्यासारखी झाली आहेत.

ज्याने बॅनर केला त्याला दोष देत नाही. जागा आडवी होती, त्याला फळं हलवावी लागली असतील. आधी कळलं असतं तर आडव्या मापाचाही फोटो घेतला असता. आम्हाला सांगितलं होतं ते उभ्या पोस्टरचं माप, तो मेसेज माझ्याकडे आहे. पैशाबद्दल एवढंच, की दोन माणसांचे दोन दिवस त्यात गेले होते. भाऊ आणि मी दोघंच हा स्टुडिओ चालवतो. एका स्टारने नवीन गिऱ्हाईक फोन करायच्या आधीच मागे फिरतं.

एक चूक मात्र आमची आणखी आहे. मूळ फोटोत खालच्या पुदिन्याच्या पानाची कड फार कापीव दिसते. तुम्ही ते लिहिलं नाही, पण मला खटकतं. ते सुधारते. यापुढे माप आणि लेयरचं सगळं कामाआधी लेखी घ्यायचं, असंही ठरवतोय.

मूळ फाइल आमच्याकडे आहे. बॅनरचं माप पाठवा, फळं आणि सावल्या त्यात पुन्हा बसवून देते, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवार सोडून कधीही या, दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवते.