ताप तेराला उतरला, मग चौदाला पेपर का नाही दिला?

आज माझ्या भाचीला तिच्या सरांनी केबिनमध्ये हे ऐकवलं. विश्रामबागेतून घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं, म्हणून लिहितोय.

पोरीला ८ तारखेपासून ताप. १० ला डेंग्यू पॉझिटिव्ह, ११ ला मिरजेत ॲडमिट. १३ ला ताप उतरला, बरोबर आहे. पण डेंग्यूत खरी भीती ताप उतरतानाच असते हो! पुढचे एक-दोन दिवस डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. १४ ला सकाळी प्लेटलेट ३८,००० होत्या. तिकडे वीस मार्कांची अंतर्गत परीक्षा चालू, इकडे हिच्या हाताला सलाईन. सोडलं १७ ला.

१९९४ मध्ये मला टायफॉइड झाला होता. प्रॅक्टिकल बुडलं. सरांच्या केबिनबाहेर दोन दिवस नुसता उभा राहिलो, तोंडच उघडलं नाही. वर्ष गेलं.

म्हणून भाचीचा अर्ज मागून घेतला. तीन पानं! घरची परिस्थिती, आईची काळजी, 'आपण दयाळू आहात'. ॲडमिट कधी, सोडलं कधी, कुठेच नाही. सोबत 'आजारी होती, आता ठीक आहे' एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट. असली सर्टिफिकेटं शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, सर वैतागतात ते काही उगाच नाही. बास, यापुढे त्यांची बाजू घेणार नाही.

संध्याकाळी दोघांनी बसून अर्धं पान केलं. विषयाच्या ओळीतच पेपरचं नाव आणि तारीख. खाली वर्ग, रोल नंबर. मग 'दि. ११ ते १७ रुग्णालयात दाखल होते, १४ रोजी ताप नव्हता परंतु प्लेटलेट ३८,००० असल्याने डॉक्टरांनी सोडले नाही.' सरांच्या प्रश्नाचं उत्तर अर्जातच. विश्रांती २५ पर्यंत सांगितलीय, म्हणून 'त्यानंतर आपण द्याल त्या दिवशी परीक्षा देण्यास तयार आहे.' सोबत डिस्चार्ज कार्डाची आणि १४ च्या रक्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स. दयाळू-बियाळू सगळं खोडलं. "मामा, उद्धट नाही ना वाटणार?" म्हणाली. 'आपली विश्वासू' आहे की खाली, म्हटलं.

दोन प्रती काढल्यात. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन ती जपून ठेवायची. उद्या कुणी म्हणायला नको, अर्ज आलाच नाही.

ते माझे सर रिटायर झाल्यावर एकदा गणपती मंदिरात भेटले. प्रसाद हातावर ठेवत म्हणाले, "अरे, लिहून का नाही दिलंस? लेखी असतं तर मला घेता आली असती परीक्षा." रागच आला नाही मला. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

उद्या अकराला जायचंय. आत ती एकटीच जाईल, मी गेटपाशी गाडी लावून थांबणार.