वय काढायचंय? ३६५ ने भागा आणि पत्रिका छापायला टाका!

लग्न ठरवताना मुलाचं वय मोजायचं काम नेहमी घरातल्या सर्वांत अनुभवी माणसाकडे द्यावं. अनुभवी म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, पेन्शन वेळेवर येणारा आणि एक्सेल येतं म्हणून भावकीत दबदबा असलेला. आमच्याकडे हा मान भाच्याच्या काकांना मिळाला. त्यांनी तो असा काही पार पाडला की एप्रिलमधल्या माझ्या दोन रात्री साडेतीनशे पत्रिकांवर पट्ट्या चिकटवण्यात गेल्या. बोटांची सालं अजून निघतायत. तेव्हा त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्या हवाली करतो. तुमच्याही घरात एखादा काका असेलच.

पहिला सल्ला: जन्मदाखला बघू नका. वर्षातून वर्ष वजा करा. २०२६ वजा २००५, एकवीस. झालं! महिना आणि तारीख हे उगाच शंका काढणाऱ्या लोकांचे विषय आहेत. शंका कोण काढतं? मामा. मुलाच्या मामाने अंतरपाटामागे उभं राहायचं, आहेर द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. मी ते ठेवलं नाही म्हणून बहिणीने माझ्याशी चार दिवस अबोला धरला.

दुसरा सल्ला: तरीही कुणी तारीख काढलीच, तर त्याला एक्सेल दाखवा. भाच्याची जन्मतारीख ५ मे २००५. लग्न ठरलं ३० एप्रिल २०२६ ला. घाई अशासाठी की १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तो १५ जूनपर्यंत, आणि मुलाला जुलैत दुबईला कामावर रुजू व्हायचंय. काकांनी एका खान्यात जन्मतारीख घातली, दुसऱ्यात लग्नाची, आणि तिसऱ्यात हे लिहिलं:

```
=(B2-A2)/365
```

उत्तर आलं 21. पुढे टिंब नाही की अपूर्णांक नाही, अगदी घासून पुसून एकवीस. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू मोड आलेल्या मटकीतला खडा.

तो आकडा नेमका एकवीसच कसा आला ते मला घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर कळलं. त्या एकवीस वर्षांत २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशी पाच लीप वर्षं येतात. म्हणजे पाच दिवस जास्तीचे. ३६५ ने भागलं की हे पाच दिवस वयात धरले जातात आणि माणूस वाढदिवसाच्या पाच दिवस आधीच एकवीस वर्षांचा होतो. ५ मेच्या पाच दिवस आधी कोणती तारीख येते? ३० एप्रिल. हॉलवाल्याने दिलेली नेमकी तीच तारीख. योगायोग बघा, काकांना नियतीचीसुद्धा साथ! पूर्ण झालेली वर्षं हवी असतील तर त्याच एक्सेलमध्ये हे लिहायचं असतं:

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
```

हे वीस सांगतं. वीस! मी सांगितलं तर काका म्हणाले, "अरे, पाच दिवसांनी काय फरक पडतो?"

काय फरक पडतो ते सांगतो. बालविवाह प्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्यात मुलगा एकवीस वर्षं पूर्ण केलेला नसेल तर तो 'बालक', मुलगी अठरा पूर्ण नसेल तर 'बालक'. पाच दिवस कमी असलेला दाढीवालासुद्धा बालकच. असं लग्न आपोआप रद्द होत नाही, पण त्या वेळी जो बालक होता त्याला ते न्यायालयात जाऊन रद्द करून घेता येतं. लग्न लावणाऱ्या भटजींना आणि ते होऊ देणाऱ्या आईबापांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना तुरुंगात टाकता येत नाही, एवढी सवलत आहे. मांडवात हजर राहणाऱ्या पालकांनाही तो कायदा सोडत नाही. कोण तक्रार करणार म्हणता? कुणी नाही केली समजा. मग पुढचं ऐका. जुलैत मुलगा दुबईला जाणार, मागून सुनेला न्यायचं म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लागणार. नोंदणीच्या खिडकीत नमुना 'ड', सोबत लग्नपत्रिका, भटजींची सही, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे पुरावे. त्या अर्जात विचारतात ते विवाहाच्या दिवशीचं वय. अर्जाच्या दिवशीचं नाही. तोवर मुलगा एकवीस वर्षं तीन महिन्यांचा झालेला असला तरी पत्रिकेवर ३० एप्रिल छापलंय आणि जन्मदाखल्यावर ५ मे. कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवणार, बोटं मोजणार आणि म्हणणार, "साहेब, हे कसं काय?" मग साहेब कोण? मामा. मलाच धाडणार होते ना तिकडे!

काका हरले नाहीत. हरतील ते काका कसले! त्यांचा स्वतःचा जन्म १ जूनचा. (त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा १ जूनचाच होता, गुरुजींची कृपा.) त्यामुळे ते ३१ मेला निवृत्त झाले. वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं, हे त्यांना पाठ. एका खटल्याचा दाखलाही त्यांच्याकडे तयार होता: २ जानेवारी १९५६ ला जन्मलेला उमेदवार १ जानेवारी १९८४ लाच अठ्ठावीस पूर्ण झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात म्हटलंय. काका, खटला खरा आहे. पण त्याने फार तर एक दिवस सुटतो. ५ मेचा ४ मे होईल. ३० एप्रिल तरीही होत नाही!

तिसरा सल्ला: मुलीच्या लग्नाचं वय एकवीस झालंय, असं ठणकावून सांगा, कारण व्हॉट्सअॅपवर आलं होतं. विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मांडलं गेलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपल्यावर गळून पडलं, ही क्षुल्लक गोष्ट सांगू नका. मुलीसाठी आजही अठराच.

चौथा सल्ला: गाडीला गिअर नसेल तर सोळाव्या वर्षी चालते.

हे वाक्य मी काकांच्या धाकट्याला रोज स्कूटरवर क्लासला जाताना पाहून ऐकलंय. वय सतरा, स्कूटर एकशे दहा सीसीची. मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षाची सवलत गिअरवर नाही, इंजिनावर आहे. पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकीच सोळाव्या वर्षी चालवता येते, तीही पालकांच्या संमतीने आणि रीतसर परवाना काढून. तुमच्या पार्किंगमध्ये आहे का एक तरी? बाकी सगळ्याला अठरा पूर्ण, आणि रिक्षा-ट्रकसारख्या प्रवासी-मालवाहू गाडीला वीस. शिवाय अठराव्या वाढदिवसाला पक्कं लायसन्स खिशात पडत नाही. त्या दिवशी फार तर लर्निंग मिळेल. ते सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट लर्निंग निघाल्यावर तीस दिवसांनी. म्हणजे अठरा अधिक एक महिना. तोवर पोरगं पकडलं गेलं आणि गुन्हा सिद्ध झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे बापाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पण क्लासला उशीर होतो ना, द्या किल्ली.

पाचवा सल्ला: मतदानाच्या दिवशी अठरा झालं की मत देता येतं, असं गृहीत धरा आणि नवी साडी नेसून थेट केंद्रावर जा.

भाची तशी गेली होती. १५ जानेवारी २०२६, महापालिकेचं मतदान. तिचा जन्म २० ऑगस्ट २००७ चा, म्हणजे ती त्या दिवशी अठरा वर्षं आणि जवळजवळ पाच महिन्यांची. केंद्रावर यादीत नाव नाही. ती रडवेली होऊन परत आली, आणि काका म्हणाले, "यंत्रणाच भ्रष्ट आहे." यंत्रणेचं आणखी काय आहे ते मला माहीत नाही, पण इथे ती बिचारी नियमाने चालली होती. या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदार यादी वापरली. १ जुलैला भाची सतरा वर्षांची होती. मतदानाचा दिवस कुठला, याच्याशी त्या यादीचा संबंध नव्हता. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील ती आपली. अर्ज नमुना ६ सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊही भरता येतो. भाचीचा नंबर १ ऑक्टोबर २०२५ चा होता. अर्ज कधी भरला म्हणता? मतदानाच्या आदल्या आठवड्यात, काकांच्या सांगण्यावरून.

बघा हं, आता उपरोध बास झाला, माझा संयम संपलाय. लग्नाला लग्नाच्या दिवशीचं वय, लायसन्सला अर्जाच्या आणि चालवण्याच्या दिवशीचं वय, मताला यादीच्या अर्हता दिनांकाचं वय. तीन वेगळ्या तारखा. जन्मदाखला एकच आणि तो घरातल्या कपाटात पडलेला. तो काढून कॅलेंडरवर बोट ठेवायला दोन मिनिटं लागतात. एवढं तुम्हाला करवत नाही? हॉलचा अॅडव्हान्स भरायला माणूस धावतो, पत्रिकेतल्या गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे यावर तासभर वाद घालतो, आणि मुलाच्या वयावर 'पाच दिवसांनी काय फरक पडतो' म्हणतो! फरक पडतो, आणि तो भोगतो कोण तर ज्याने विचारलं तो. हॉलचा अॅडव्हान्स बुडाला, भटजींनी १० मेचा काढीव मुहूर्त दिला, छापखान्याने नव्या तारखेच्या पट्ट्या छापून दिल्या, आणि त्या चिकटवायला कोण बसलं? काका नाही. ते हिशेब करत होते.

आणि मांडवात येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं काय, तर "मामाच्या कुरबुरीमुळे तारीख पुढे गेली." काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचा धाकटा वाचेल. त्या पोराच्या हातातली स्कूटरची किल्ली आज संध्याकाळी काढून घ्या.