मेणाचा गोंधळी

«अंधारात शूट करताना आयएसओ ८०० च्या वर न्यायचाच नाही, नॉइज तिथूनच येतो. काळोखं आलं तरी एडिटमध्ये ब्राइटनेस वाढवता येतो. कलर करून झालं की सगळ्यात शेवटी डीनॉइज लावा आणि दाणे दिसेनासे होईपर्यंत स्लायडर ओढा. चेहरा गुळगुळीत वाटला तर वरून शार्पन मारा. झालं क्लीन.»

या सल्ल्याबरहुकूम शूट केलेलं जागरण-गोंधळाचं फुटेज एक मित्र माझ्याकडे घेऊन आला होता. उजेड होता दिवटीचा आणि अंगणातल्या एका पिवळ्या बल्बचा. त्याने स्वतः साफ केलेल्या शॉटमध्ये गोंधळीबुवा मेणाच्या पुतळ्यासारखे दिसत होते. कपाळावरच्या भंडाऱ्याची कड त्वचेत विरघळली होती आणि साठीतल्या माणसाच्या गालावर एक सुरकुती उरली नव्हती. मूळ क्लिप मागवून घेतल्या आणि एकेक पायरी उलटी तपासली.

आधी आयएसओ, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा. नॉइज येतो तो उजेड कमी पडल्यामुळे. पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडतात तेव्हा एका फरशीवर तीन थेंब असतात, शेजारचीवर सात. जोराची सर आली की सगळ्या सारख्याच भिजतात. सेन्सरवर प्रकाश असाच थेंबाथेंबाने पडतो, आणि सर जोराची नसेल तर शेजारचे पिक्सेल एकमेकांशी जुळत नाहीत. आयएसओ कमी ठेवल्याने थेंब वाढत नाहीत. थेंब वाढतात ते लेन्स उघडल्याने, शटर लांबवल्याने किंवा एक दिवा जवळ आणल्याने. मित्राचं शटर १/१०० वर होतं. २५ फ्रेमच्या शूटला, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेखाली, १/५० बिनधास्त चालतं आणि उजेड फुकटात दुप्पट होतो.

उलट कमी आयएसओवर काळोखं शूट करणं आठ बिटच्या फुटेजला महागात पडतं. एकूण पायऱ्या २५६, आणि या शॉटमध्ये बुवांचा चेहरा त्यातल्या साधारण २० ते ५० मध्ये कोंबलेला होता. शिवाय कॅमेऱ्याचं कॉम्प्रेशन काळोख्या भागातला तपशील सगळ्यात आधी टाकून देतं. नंतर ब्राइटनेस वाढवला की दाण्यांच्या जोडीला चौकोनी ठिगळंही वर येतात, आणि ती कुठलाच डीनॉइज नीट काढत नाही. काही कॅमेऱ्यांत तर आयएसओ वाढवल्यावर सावल्या जास्त स्वच्छ होतात. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के मध्ये १२५० पासून सेन्सरचं दुसरं सर्किट सुरू होतं, म्हणून १००० पेक्षा १२५० वर दाणा कमी दिसतो. आयएसओ वाढवल्यावर दिवटीची ज्योत पांढरी फटक होईल, हे खरं. होऊ द्या, लोक चेहरा बघतात.

डीनॉइज शेवटी लावण्याचं म्हणाल तर मला ते कधी पटलेलं नाही. कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन वाढवल्यावर दाणेही वाढतात, तेही सगळीकडे सारखे नाहीत. सावलीत एक जात, गालावर दुसरी. मग एकच मात्रा सावलीला कमी पडते आणि गालाला जास्त होते. म्हणून डीनॉइज पहिल्या नोडवर, म्हणजे कलरच्या पहिल्याच पायरीवर लावावा, आणि संगणक रखडायला लागला तर बाकीचं काम करताना तो नोड बंद ठेवावा.

खरी चूक मात्र त्या एकाच स्लायडरमध्ये आहे. दाणा दोन प्रकारचा असतो. एक उजेडाचा, म्हणजे वाळूसारखा कमीजास्त चमकणारा. दुसरा रंगाचा, म्हणजे सावलीत वळवळणारे जांभळे-हिरवे डाग. दिवटी आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. व्हाइट बॅलन्स जमवण्यासाठी निळ्या चॅनेलला ताणून वर आणावं लागतं आणि त्याचा नॉइजही सोबत येतो. शंका असेल तर निळा चॅनेल एकटा उघडून बघा, मुंग्या आल्यासारखा दिसेल.

डोळ्याला खुपतो तो मुख्यतः हा रंगाचा दाणा, आणि तो घालवणं स्वस्त आहे. रंगाचे बारकावे डोळा फारसे टिपत नाही, आणि ४:२:० फुटेजमध्ये रंग मुळातच चौथाई पिक्सेलमध्ये साठवलेला असतो. तो थोडा पुसला तरी कोणाला कळत नाही. त्वचेची रंध्रं, सुरकुत्या, दाढीचे खुंट हे सगळं रंगात नाही, उजेडाच्या कमीजास्तपणात असतं, एक-दोन पिक्सेलच्या आकाराचं, म्हणजे नेमकं दाण्याएवढं. एका फ्रेमकडे बघून सॉफ्टवेअरला रंध्र कुठलं आणि दाणा कुठला हे ओळखता येत नाही, म्हणून ते दोन्ही पुसतं. मेण तयार होतं ते इथे.

ओळखायचा मार्ग म्हणजे शेजारच्या फ्रेम. रंध्र पुढच्या फ्रेममध्येही असतं, दाणा जागा बदलतो. चार फ्रेमची सरासरी काढली तर हिशेबाने दाणा निम्मा होतो. कॉम्प्रेस केलेल्या फुटेजमध्ये तेवढा फायदा मिळत नाही, कारण तिथे दाणाही थोडा पुढच्या फ्रेममध्ये चिकटून राहतो. तरी मी सुरुवात इथूनच करतो. रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये Temporal NR, म्हणजे शेजारच्या फ्रेम बघून होणारा डीनॉइज, दोन फ्रेमवर ठेवलं, Luma म्हणजे उजेड आणि Chroma म्हणजे रंग यांची साखळी तोडली, Luma ६ आणि Chroma १५. मग Spatial NR मध्ये, म्हणजे एकाच फ्रेमच्या आतल्या डीनॉइजमध्ये, फक्त Chroma थोडं वाढवलं, Luma शून्यावर सोडलं. एवढ्यात डाग गेले आणि सुरकुत्या राहिल्या. संबळावर पडणाऱ्या काठ्यांच्या मागे मात्र भुताटकीसारखी सावली ओढली जाऊ लागली. सरासरीचा हा ठरलेला दोष. Motion चा आकडा खाली आणल्यावर हलणारा भाग सरासरीतून वगळला गेला. तिथे दाणा उरतो, पण हलत्या काठीवरचा दाणा कोण मोजतं?

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हे नाही. ती वापरणाऱ्यांनी ffmpeg हे कमांड लिहून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर वापरावं:

```
ffmpeg -i gondhal.mp4 -vf "hqdn3d=0.5:6:2:8" -c:v libx264 -crf 16 -c:a copy saaf.mp4
```

चार आकडे क्रमाने असे: फ्रेममधला उजेड, फ्रेममधला रंग, फ्रेमा-फ्रेमांमधला उजेड, फ्रेमा-फ्रेमांमधला रंग. पहिल्या जागी शून्य लिहू नका, शून्य दिलं की तो गुपचूप मूळचा ४ धरतो आणि चेहरा पुसतो. हा फिल्टर हालचाल ओळखत नाही, त्यामुळे शेवटचे दोन आकडे फार वाढवले की इथेही सावली ओढली जाते.

मात्रा किती, हे नजरेने ठरवू नका, नजर दहा मिनिटांत मेणाला सरावते. साफ केलेली क्लिप मूळ क्लिपवर ठेवून Difference मोड लावा आणि उजेड वाढवा. नुसती वाळू दिसली तर ठीक. भुवया, ओठांची कड, भंडाऱ्याचा आकार दिसायला लागला की तुम्ही माणूस खाताय. मित्राच्या क्लिपमध्ये बुवांचा अख्खा चेहरा उमटला होता.

शार्पनने गेलेलं काही परत येत नाही. ते उरलेल्या कडा गडद करतं, म्हणून मेणाच्या गालावर कोरलेल्या भुवया दिसतात. त्यापेक्षा सगळ्यात शेवटी हलका, फक्त उजेडाचा, बारीक ग्रेन घाला. गाल पुन्हा कातडीसारखा वाटतो आणि मागच्या काळोख्या भिंतीवरचे पट्टेही मोडतात.

एक गोष्ट मात्र त्या सल्ल्याच्या बाजूने आहे: दाणेदार फुटेज अपलोड केल्यावर वाईट फुटतं, कारण कॉम्प्रेशनचे बिट दाण्यांवरच खर्ची पडतात. म्हणून व्हॉट्सॲपसाठी मी ग्रेन घालतच नाही, तिथे तो चिखल होतो.

मोबाइलच्या क्लिपला यातलं बरंचसं लागू नाही. फोन स्वतःच आत पुसून देतो, आणि तिथे झालेलं मेण उतरवता येत नाही. मित्राच्या गठ्ठ्यात फोनवरची आरतीची एक क्लिप होती. तिला फक्त वरून ग्रेन दिला आणि छोट्या चौकटीत वापरली.