रूट कॅनलची दाढ तुटतेच का?

“रूट कॅनल केलेली दाढ दोन वर्षांत तुटतेच, पैसे पाण्यात. त्यापेक्षा उपटून टाकलेली बरी.”

तुटते ती बहुतेकदा कॅप न बसवलेली दाढ. किडीने आधीच पोखरलेली, त्यात नसांपर्यंत पोचायला वरून भोक पाडलेलं. उरलेल्या भिंती चावताना फाकतात. नस काढल्यावर ठणका थांबतो, मग कॅप ‘कापूस विकल्यावर पाहू’ म्हणून राहून जाते. तोवर तात्पुरतं सिमेंट झिजतं, फटीतून लाळ आत झिरपते आणि मुळांतल्या साफ केलेल्या नळ्यांत पुन्हा जंतू शिरतात. म्हणून कॅप काही आठवड्यांतच बसवा.

पंचेचाळिशीतल्या माणसाची खालची दाढ धरा. कीड काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर धड दात उरत असेल, तर कॅपला पकड मिळते, वाचवा. मूळ उभं चिरलं असेल किंवा कीड मुळांच्या फाट्यात उतरली असेल, तर मात्र काढणंच योग्य. एक्स-रेत उभी चीर दर वेळी दिसत नाही. एकाच जागी हिरडीत खोल खड्डा लागला की शंका घ्यावी.

उपटणं स्वस्त दिसतं खरं, पण रिकाम्या जागेत मागची दाढ कलते, वरची खाली उतरते.